उपाशीपोटीचा पेला

मावशी रोज पहाटे साडेपाचला पेलाभर कोमट पाण्यात ॲपल सायडर व्हिनेगर घालून उपाशीपोटी पिते. वय ६८, मधुमेह चौदा वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. मी डॉक्टर आहे. असा पेला घेणारी माणसं माझ्या तपासणीच्या खोलीत सतत येतात, आणि विचारल्याशिवाय त्याबद्दल बोलत नाहीत, कारण ते औषध आहे असं त्यांना वाटतच नाही. मावशी मात्र आपणहून बोलली. मी थांबव म्हटलं, तर तिने कारणं मागितली. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला ‘चांगलं नसतं’ एवढ्यावर गप्प करता येत नाही, आणि करूही नये. सांगलीला तिच्या घरी एका दुपारी आम्ही बसलो. तिच्यापुढे साखरेची वही होती, माझ्यापुढे तिच्या गोळ्यांची पाकिटं.

मावशी: आधी एक मान्य कर. ह्याने साखर उतरते. ते नाकारणार असशील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मी: नाकारत नाही. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठात कॅरल जॉन्स्टन यांनी २००४ साली हे तपासलं होतं. लोकांना जेवणाच्या लगेच आधी २० ग्रॅम व्हिनेगर पाण्यात मिसळून दिलं आणि मग पाव, लोणी, संत्र्याचा रस असा भरपूर पिठूळ-गोड नाश्ता दिला. ज्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नव्हतं पण मधुमेह अजून झालेला नव्हता, त्यांच्यात चांगला फरक दिसला. मधुमेह झालेल्यांत दिसला, पण कमी.

मावशी: म्हणजे दिसला.

मी: दिसला. आणि तो कसा होतो तेही बरंच समजलं आहे. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. पोह्यांतला स्टार्च आतड्यात हळूहळू उतरतो, त्यामुळे रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

मावशी: कोयनेच्या दरवाजांसारखं म्हण की. धरणातलं पाणी तेवढंच, पण विसर्ग कमी ठेवला तर इथे आयर्विन पुलाखाली पातळी चढत नाही.

मी: अगदी तसंच. आता सांग, तू पेला कधी घेतेस आणि पोहे कधी खातेस?

मावशी: पेला साडेपाचला. मग प्राणायाम, मग फिरणं. नाश्ता साडेआठला.

मी: तीन तास. जठरात पोहे नसताना तू विसर्ग रोखतेस, आणि पोहे येतात तोपर्यंत व्हिनेगर पुढे निघून गेलेलं असतं. त्याच जॉन्स्टनबाईंनी २०१० साली हाही प्रश्न तपासला. व्हिनेगर जेवणासोबत दिलं तर नंतरची साखर कमी चढली. पाच तास आधी दिलं तर तो फायदा मिळाला नाही. नुसतं ग्लुकोज पाजलं तेव्हाही मिळाला नाही. स्टार्च हवा, आणि तो त्याच वेळी पोटात हवा.

ह्या एका मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण उपाशीपोटीचा आग्रह जवळजवळ प्रत्येकाकडे असतो. रिकाम्या पोटी घेतलं की ‘अंगाला लागतं’ हा आपला जुना समज आहे आणि काही औषधांच्या बाबतीत तो खराही आहे. व्हिनेगरचा जो परिणाम सिद्ध झाला आहे, तो मात्र अन्नासोबतचाच आहे. रिकाम्या पोटी घेतल्याने आम्ल घशाला, दातांना आणि जठराला पुरेपूर लागतं, आणि ज्या कारणासाठी ते घ्यायचं ते कारणच त्या वेळी पोटात नसतं.

मावशीने वही उघडली.

मावशी: मग हे बघ. पेला सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर १४२. आता १३४. जेवणाशी संबंध नसेल तर ही कशी उतरली? आणि तुझ्याच त्या बाईंनी रात्री व्हिनेगर देऊन सकाळची साखर उतरलेली दाखवली आहे. मीही वाचते.

मी: दाखवली आहे, २००७ साली. अकरा माणसं होती. झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चीजचा तुकडा, तेही दोनच दिवस. सकाळची साखर सरासरी चार टक्क्यांनी उतरली. १४२ चे चार टक्के किती?

मावशी: साडेपाच, पावणेसहा.

मी: आणि तुझं बोटाला टोचायचं यंत्र? चांगल्या यंत्राकडून अपेक्षा अशी असते की १०० च्या वरचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत. खरी साखर १४२ असेल तर ते १२१ दाखवेल किंवा १६३ दाखवेल, तरी ते बिघडलेलं नाही. तुझा आठचा फरक त्यातच बुडून जातो. यंत्रावर आज १३४ आणि उद्या १४५ आलं तर त्याचा अर्थ लावता येत नाही.

मावशी: मग मी काय मोजू?

मी: तुला खरंच पाहायचं असेल तर जेवणानंतरची साखर मोज. तेवढ्याच मापाचे पोहे, तीच वेळ, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. काही दिवस व्हिनेगर नाश्त्यासोबत, काही दिवस काहीच नाही, आणि मग दोन्हींच्या सरासऱ्या. एकेका आकड्याला धरून बसायचं नाही. पण हा प्रयोग आज सुरू करायचा नाही. का ते तुझ्या गोळ्यांवर येऊ तेव्हा सांगते.

गणिताच्या बाईंना हा हिशेब पटला. तरी त्यांच्याकडे दुसरा मुद्दा तयार होता.

मावशी: साखर सोड. वजनाचं काय? समोरच्या घरातली सून तीन महिन्यांत सहा किलो उतरली.

मी: तिचं उतरलं असेल, पण ते पेल्याने उतरलं असं म्हणणं अवघड आहे. जपानमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १५५ स्थूल माणसं, १२ आठवडे. रोज ३० मिलिलिटर व्हिनेगर घेणाऱ्यांचं वजन १.९ किलोने उतरलं, १५ मिलिलिटर घेणाऱ्यांचं १.२ किलोने. तेही व्हिनेगर बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी केलेल्या कामात. पेय बंद केल्यावर चार आठवड्यांत वजन पुन्हा वर जायला लागलं.

मावशी: सहा-सात किलोचा आकडा मग येतो कुठून? मी तो कितीतरी ठिकाणी ऐकला.

मी: लेबननमधून. २०२४ साली तिथल्या संशोधकांनी १२ ते २५ वयोगटातल्या १२० मुलामुलींवरचा अभ्यास छापला. सहा ते आठ किलो उतरल्याचं त्यात होतं आणि ती बातमी जगभर गेली. पुढे आकडेवारीच्या जाणकारांनी त्यातल्या आकड्यांवर शंका घेतल्या. मूळ नोंदी तपासल्या तेव्हा त्यांवर भरवसा ठेवता येईना, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीएमजे गटाने तो निबंध मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मूळ बातमीएवढी पसरली नाही.

मावशी गप्प राहिली. मग तिने ट्रेमधली बाटली पुढे सरकवली. तळाशी गढूळ साका असलेली, ‘मदर’वाली. तो साका म्हणजे आंबवणाऱ्या जिवाणूंचा आणि त्यांनी बनवलेल्या सेल्युलोजचा थर. साखरेवर परिणाम करतं ते ॲसिटिक ॲसिड, आणि ते सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये जसं असतं तसंच गोव्यात माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरमध्येही असतं. मी तिला म्हटलं, रोज जसं ओततेस तसं ओत. तिने पेल्यात ओतलं. ते मी खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं. १५ मिलिलिटरची दोन मापं पूर्ण भरली आणि तिसरं अर्ध्याच्या वर गेलं. तिच्या मते तो ‘एक मोठा चमचा’ होता. पेला लहान, जेमतेम २०० मिलिलिटरचा.

मावशी: पाण्यात घालते की. नुसतं कुठे पिते?

मी: नुसतं पीत नाहीस हे फार चांगलं. हाँगकाँगमध्ये एका बाईच्या घशात खेकड्याच्या कवचाचा तुकडा अडकला, म्हणून तिने एकच मोठा चमचा तांदळाचं व्हिनेगर न मिसळता प्यायलं. दुर्बिणीने पाहिलं तर अन्ननलिका भाजलेली होती. ती बरी झाली, पण एका चमच्याने एवढं होतं. पाण्यात मिसळलं की तो धोका बराच कमी होतो. तरी तुझा आवाज बसलाय, सकाळी खाकरावं लागतं म्हणतेस, त्याला किती दिवस झाले?

मावशी: पावसाळा आहे.

मी: असेल पावसाळा. पण पेला पिऊन तू लगेच खाली बसतेस, कपालभाती करतेस, शेवटी शवासनात आडवी होतेस. पोटातलं आम्ल वर यायला ह्याहून सोयीची वेळ नाही. जळजळ होते?

मावशी: होते थोडी. मला वाटलं औषध लागू पडतंय.

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, आणि दरवेळी वाईट वाटतं. घशात जळणं, छातीत जळणं, आवाज घोगरा होणं ही दुखापतीची लक्षणं आहेत. गिळताना अडकायला लागलं तर त्याच आठवड्यात दाखवायला हवं. आणि त्रास नको म्हणून व्हिनेगरच्या गोळ्यांकडे वळणाऱ्यांनाही सांगायला हवं, की अमेरिकेत २००५ साली एका बाईच्या घशात अशीच गोळी अर्धा तास अडकली आणि पुढे सहा महिने तिला गिळायला त्रास झाला. त्यानंतर बाजारातल्या आठ कंपन्यांच्या गोळ्या तपासल्या, तर आम्लाचं प्रमाण प्रत्येकीत वेगळं निघालं.

मावशी: घशाचं कळलं. पाणी वाढवीन. मग दातांचाही प्रश्न सुटला.

मी: तिथे पाणी तितकं मदतीला येत नाही. दाताचं वरचं कठीण कवच, एनॅमल, सामूच्या मापावर साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. बाटलीतलं व्हिनेगर अडीचच्या आसपास असतं. मोठा चमचाभर व्हिनेगर २५० मिलिलिटर पाण्यात घातलं तर ते कुठे जातं? तीनच्या आसपास. साडेपाचपासून अजून लांबच. पातळ केल्याने एकूण आम्ल कमी होतं, लाळ ते लवकर निवळू शकते, हा फायदा आहे. पण पेला दाताला सुरक्षित होत नाही.

मावशी: लाळ आहे ना मग.

मी: पहाटे सर्वांत कमी असते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, मधुमेहात तोंड आणखी कोरडं पडतं, आणि तू त्याच वेळी आम्ल घेतेस. शिवाय घोट घोट घेतेस, म्हणजे दहा मिनिटं दात त्यात. आणि त्यानंतर?

मावशी: ब्रश. आंबट चव जात नाही म्हणून.

मी: आम्लाने कवच वरून मऊ झालेलं असतं. त्यावर लगेच ब्रश घासलास तर तो मऊ थर निघून जातो, आणि एनॅमल पुन्हा येत नाही. दात आंबतात, गार पाणी झोंबतं, पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसायला लागतात, रंग पिवळट होतो, कारण आतला थर डोकावायला लागतो. नेदरलँड्समध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीने वजनासाठी रोज पेलाभर सफरचंदाचं व्हिनेगर घेतलं आणि तिच्या दातांची अशीच झीज झाली.

मावशी: आमची आजी चिंच, कोकम, कैरी खाऊन नव्वद वर्षं जगली. गोव्यात तर पिढ्यान्‌पिढ्या व्हिनेगर घालून स्वयंपाक होतो.

हा तिचा मला सर्वांत भावलेला मुद्दा, आणि तो खोडायची मला गरज वाटली नाही. आजीने आंबट खाल्लं ते भाताबरोबर, आमटीत, जेवता जेवता. चावताना लाळ वाहत होती आणि अन्न त्या आम्लाला सामावून घेत होतं. गोव्याच्या सोरपोतेलात व्हिनेगर मांसाबरोबर शिजून येतं. जुन्या स्वयंपाकाने आंबट नेमकं तिथे ठेवलं आहे जिथे ते साखरेला उपयोगी पडतं. वरणभातावर लिंबू पिळणं त्यातलंच. पावासोबत लिंबाचा रस दिला तर साखरेचं शिखर कमी चढतं, असं फ्रान्समधल्या संशोधकांनाही दिसलं आहे.

मग गोळ्यांची पाकिटं घेतली. एक मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी. दुसरी रक्तदाबाची, तिच्या नावापुढे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर.

मी: हा ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. लघवी वाढवणारं औषध. काही पाकिटांवर त्याऐवजी ‘सीटी’ असतं, ते क्लोरथॅलिडोन. दोन्ही लघवीवाटे पोटॅशियम बाहेर घालवतात. तुझ्या गोळीत सोबत असलेलं टेल्मिसार्टन ते काही प्रमाणात धरून ठेवतं, म्हणून बऱ्याच जणांचं भागतं.

मावशी: आणि व्हिनेगर?

मी: ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी १९९८ साली एका २८ वर्षांच्या बाईची हकीकत छापली. ती सहा वर्षं रोज सुमारे २५० मिलिलिटर सायडर व्हिनेगर पाण्यात घालून घेत होती. पोटॅशियम खूप उतरलेलं, आणि त्या वयात हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी मांडलेलं कारण असं, की ॲसिटेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, आणि ते लघवीतून जाताना पोटॅशियम घेऊन जातं.

मावशी: २५० कुठे आणि माझे ४० कुठे! सहापट. हे भीती घालणं झालं.

मी: तुझं म्हणणं बरोबर आहे. एका मोठ्या चमच्याने निरोगी माणसाचं पोटॅशियम घसरतं असं कुणी दाखवलेलं नाही, आणि मीही तसं म्हणणार नाही. पण ऑस्ट्रियातली ती बाई तरुण होती आणि तिला लघवीची गोळी नव्हती. तुझ्याकडे एक गळती आधीच चालू आहे, त्यात दुसरी लहानशी. रात्री पिंडऱ्यांत गोळे येतात का?

मावशी: येतात. चालण्याने.

मी: पोटॅशियम कमी असलं तरी येतात. अशक्तपणा, बद्धकोष्ठता, छातीत धडधड, ही पुढची लक्षणं. कुणी हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असेल तर पोटॅशियमची लहान घटसुद्धा ठोके बिघडवू शकते, आणि इन्शुलिनही पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. अंदाज करत बसण्यापेक्षा इलेक्ट्रोलाइट्सची तपासणी करू. साधी रक्ताची तपासणी आहे. आणि परवा फिरून आल्यावर तुला घाम फुटला, हात थरथरले म्हणालीस, ते नाश्त्याआधी?

मावशी: गोळी घेतली होती. नाश्ता व्हायचा होता.

मी: तेव्हा साखर मोजली होतीस?

मावशी: नाही. लिंबूपाणी घेतलं, साखर घालून.

मी: ते योग्य केलंस. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढतं, अन्न आलं की नाही ह्याची वाट न बघता. म्हणून ती गोळी ताटावर बसताना घ्यायची. आणि चौदा वर्षांच्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावू शकतात. थोडं खाल्लं तरी पोट गच्च होतं, तासांनंतरही खाल्लेलं वर येतं, असं असेल तर व्हिनेगर बिलकूल नको. स्वीडनमध्ये अशाच रुग्णांवर पाहिलं, जठर आधीच मंद होतं, व्हिनेगरने आणखी मंदावलं. अशा वेळी औषध आधी काम करतं आणि अन्न मागाहून पोचतं. तुझा तो नाश्त्याचा प्रयोग मी लांबवला तो ह्यासाठी.

चार दिवसांनी अहवाल आला. पोटॅशियम ३.३. खालची मर्यादा ३.५ धरतात. क्रिएटिनिन ठीक होतं. मावशीने फोनवर आकडा ऐकला आणि लगेच प्रतिप्रश्न केला.

मावशी: हे व्हिनेगरने झालं, हे तू कशावरून म्हणतेस?

मी: म्हणत नाही. गोळीचा वाटा मोठा असण्याची शक्यताच जास्त आहे.

मावशी: मग गोळी थांबव. पेला का?

मी: कारण गोळीने तुझा रक्तदाब १७० वरून १३० वर आला, ते दर महिन्याला मोजलेलं आहे. पेल्याने काय दिलं ते तुझ्या वहीत दिसत नाही. म्हणून आधी पेला बंद. दुसरं काहीच बदलू नकोस, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त देऊ. तोवर आकडा वर आला तर पेल्याचा हातभार असावा. नाही आला तर गोळी बदलायचं मी तुझ्या डॉक्टरांशी बोलते. मधल्या काळात धडधड वाढली किंवा पायांतली ताकद गेल्यासारखं वाटलं तर दोन आठवडे थांबायचं नाही.

मावशी: आणि नंतर?

मी: नंतर पोटॅशियम ठीक असेल, घसा बरा असेल, तर दुपारच्या जेवणात काकडीच्या कोशिंबिरीत एक लहान चमचा. पाच मिलिलिटर, मापाने. पेला नाही, व्हिनेगरच्या गोळ्या नाहीत. जेवून झाल्यावर साध्या पाण्याने चूळ, आणि ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने.

मावशी: कोशिंबिरीत मी लिंबूच पिळीन. बाटली तू घेऊन जा, पण दोन आठवड्यांचा अहवाल आल्यावर. मला आकडा बघायचा आहे.